अरबी बोली आणि फुस्हा: नकार, भविष्यकाळ आणि प्रश्नशब्द यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातात नोकरीला निघालेल्यांना मी बोली अरबी शिकवतो. त्यांतले काही जण आधी पुस्तकातली अरबी, म्हणजे फुस्हा, शिकून आलेले असतात आणि पहिल्या महिन्यातच त्यांचा फोन येतो: "सर, व्याकरण सगळं पाठ आहे, पण समोरचा 'नाही' म्हणतोय की 'हो', तेच कळत नाही." त्या फोनांवर वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अरबी शब्द देवनागरीत लिहिताना थोडी तडजोड केली आहे. आईन हा घशातला आवाज ' अशा खुणेने दाखवला आहे आणि दोन्ही प्रकारचे 'ह' एकाच अक्षराने लिहिले आहेत. 'माधा'सारख्या शब्दातला 'ध' जिभेचं टोक दातांमध्ये धरून, हवा घासत बाहेर सोडून म्हणायचा असतो.

फुस्हा आणि बोलीत खरंच इतका फरक आहे का? आपल्याकडेही पुणेरी आणि मालवणी असतंच की.

तुलना थोडीच पुढे जाते. प्रमाण मराठी बोलणारी घरं आहेत, ती घरात शिकलेली मुलं आहेत. फुस्हा मात्र कुणाचीच घरची भाषा नाही. ती बातम्यांत, पुस्तकांत, भाषणांत आणि सरकारी कागदावर असते. मोरोक्कोपासून इराकपर्यंत प्रत्येक जण आईकडून बोली शिकतो आणि फुस्हा शाळेत. एकाच समाजात दोन रूपांनी अशी कामं वाटून घ्यावीत, या स्थितीला चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959 च्या आपल्या लेखात 'डायग्लॉसिया' म्हटलं आणि त्यातलं एक ठळक उदाहरण अरबीचंच होतं.

फरक सगळीकडे सारखा नाही. 'घर', 'पाणी', 'लिहिणे' असे शब्द बऱ्यापैकी ओळखू येतात. अडतं ते वाक्याला वळण देणाऱ्या बारीक शब्दांत, म्हणजे नाही, -णार, काय, कुठे, का यांत. हे शब्द दर वाक्यात येतात आणि नेमके तेच फुस्हापासून सर्वांत दूर गेले आहेत.

फुस्हात नकार कसा होतो? एकच 'नाही' का नाही?

कारण फुस्हात काळ नकाराच्या शब्दात भरलेला असतो. 'मी लिहितो' म्हणजे अक्तुबु. 'मी लिहीत नाही' हे ला अक्तुबु. इथवर सोपं आहे. पण 'मी लिहिलं नाही' म्हणायचं तर लम अक्तुब. क्रियापद वर्तमानाचंच, शेवटचा स्वर फक्त गळाला, आणि भूतकाळाचा अर्थ एकट्या लम ने आणला. 'मी लिहिणार नाही' हे लन अक्तुबा. इथे शेवटचा स्वर बदलला आणि भविष्य लन मध्ये बसलं. भूतकाळी क्रियापदापुढे मा लावून मा कतब्तु असंही 'मी लिहिलं नाही' म्हणता येतं, पण लेखनात लम ची चलती जास्त.

क्रियापद नसलेल्या वाक्यासाठी लैसा आहे आणि तो माणसाप्रमाणे बदलतो: लस्तु म्हणजे मी नाही, लस्ता म्हणजे तू नाहीस, लैसू म्हणजे ते नाहीत. हिंदी किंवा इंग्रजीतून अरबी शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. मराठी माणसाला वाटू नये, कारण 'मी नाही, तू नाहीस, ते नाहीत' हे आपण रोज करतो.

विशेषणाआधी ग़ैर येतो. तो तर आपल्या घरातच आहे: गैरहजर, गैरसोय, गैरसमज. लाचार आणि लाजवाब यांतला 'ला' हाही अरबी नकारच.

मग कैरोत यातलं काय उरलं?

रोजच्या बोलण्यात लम, लन आणि लैसा तिन्ही गेले. मा उरला आणि त्याला क्रियापदाच्या शेवटी एक जोडीदार मिळाला: श. कतब म्हणजे त्याने लिहिलं, मा-कतबश म्हणजे त्याने लिहिलं नाही. बियिक्तिब म्हणजे तो लिहितो, मा-बियिक्तिबश म्हणजे तो लिहीत नाही. काळ दाखवायचं काम क्रियापदाकडे परत गेलं आणि नकाराकडे फक्त नकार राहिला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सवलत आहे.

कानाला मात्र ही सवलत वाटत नाही, कारण मा आणि श यांच्या मध्ये काय काय कोंबता येतं ते पाहा. 'त्याने ते पत्र मला लिहिलं नाही' यासाठी कैरोकर एकच शब्द म्हणतो: मा-कतब-हा-ली-श. कतब म्हणजे त्याने लिहिलं, हा म्हणजे ते (पत्र, जे अरबीत स्त्रीलिंगी आहे), ली म्हणजे मला, आणि दोन्ही टोकांना नकाराची कुंपणं. वेगात हे 'मकतबहालीश' असं ऐकू येतं आणि नवखा माणूस शब्दकोशात 'मकतब' शोधत बसतो. मकतब म्हणजे कार्यालय, त्यामुळे गोंधळ पुरा होतो. म्हणून नवख्यांना मी शब्दाच्या शेवटापासून ऐकायला सांगतो. शेवटी श ऐकू आला की सुरुवातीचा मा सोलून काढायचा, मग आतलं क्रियापद दिसतं.

असणे-नसणे, जवळ असणे यांनाही हेच कुंपण लागतं: मा-फीश म्हणजे नाहीये, मा-'अन्दीश म्हणजे माझ्याकडे नाही. मनाईसाठीही तेच. 'लिहू नकोस' हे मा-तिक्तिबश. मराठीतल्या 'नको'सारखा वेगळा शब्द तिथे नाही.

मात्र नाम, विशेषण आणि भविष्यकाळ यांना कुंपण नाही. त्यांच्या आधी मिश येतो. मिश कुवय्यिस म्हणजे चांगलं नाही. मिश अना म्हणजे 'मी नव्हे'. आपल्या 'नाही' आणि 'नव्हे' मध्ये जो फरक जुन्या मराठीत काटेकोर होता आणि आता पुसट होत चालला आहे, तो आठवला की मिश कधी वापरायचा हे बरंचसं आपोआप सुटतं.

हा 'श' आला कुठून?

बहुतेक अभ्यासकांच्या मते तो शै' या शब्दाचा उरलेला तुकडा आहे. शै' म्हणजे वस्तू, गोष्ट. 'त्याने काहीएक लिहिलं नाही' असं ठासून सांगताना शेवटी 'गोष्ट' जोडली जाई. पिढ्यान्‌पिढ्या वापरून तो जोर झिजला, शब्दही झिजला, आणि उरलेला श हा नकाराचा नुसता भाग बनला. फ्रेंचमध्ये हेच 'पा'च्या बाबतीत झालं. त्याचा मूळ अर्थ पाऊल. 'एक पाऊलही चाललो नाही' मधलं पाऊल पुढे सगळ्याच नकारांना चिकटलं.

फ्रेंचचा पुढचा टप्पाही अरबीत सापडतो. बोलक्या फ्रेंचमध्ये क्रियापदाआधीचा खरा नकार गळतो आणि फक्त 'पा' उरतो. पॅलेस्टाइनमध्ये 'मला माहीत नाही' हे बा'रिफश असं सर्रास ऐकू येतं. त्यात मा कुठेच नाही. 'गोष्ट' या अर्थाच्या शब्दाचा एक तुकडा अख्ख्या नकाराचं ओझं उचलतो आहे.

हाच शै' आणखी दोन शब्दांत लपला आहे आणि दोन्ही उपयोगी आहेत. मा'लेश, म्हणजे 'असू दे, काही हरकत नाही', हा 'त्यावर काही गोष्ट नाही' या वाक्याचा चोथा. बलाश म्हणजे फुकट, किंवा 'राहू दे, नको'. त्याचं मूळ 'गोष्टीवाचून'.

श नेमका कुठे ऐकू येतो?

मोरोक्कोपासून पूर्वेकडे अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, मग पॅलेस्टाइन, जॉर्डनचा काही भाग आणि दक्षिण लेबनॉन. येमेनच्या काही भागांतही आहे. दमास्कस, बगदाद, कुवेत, रियाध इथे नुसता मा पुरतो: दमास्कसला मा कतब म्हणजे त्याने लिहिलं नाही. नामाआधी आणि विशेषणाआधी सीरिया, इराक आणि कुवेतमध्ये मू येतो, अमिरातीत मुब. मनाईसाठी आखातात आणि इराकमध्ये फुस्हाचा ला टिकून आहे: ला तिक्तिब, लिहू नकोस.

मोरोक्कोची एक गोष्ट शिकणाऱ्याला नक्की फसवते. तिथेही मा आणि श ची जोडी आहे, पण वाक्यात 'काही' किंवा 'कुणी' अर्थाचा शब्द आला की श रजेवर जातो. मा 'अन्दी वालू म्हणजे माझ्याकडे काहीच नाही. मा शफ्त हद्द म्हणजे मी कुणालाच पाहिलं नाही. कारण उघड आहे: श स्वतःच मुळात 'गोष्ट' होता, आणि तिच्या जागी आता वालू बसला आहे. नामाआधी तिथे माशी येतो: माशी मज़्यान, चांगलं नाही. हाच उच्चार कैरोत 'ठीक आहे, चालेल' या अर्थी वापरतात. कासाब्लांकात नकार समजून घ्यायचा, कैरोत होकार.

आखातातले आपले लोक 'माफी' म्हणतात, ते काय आहे?

ते क्षमा मागत नाहीत. मा म्हणजे नाही आणि फी म्हणजे आहे, एकत्र 'नाहीये'. आखातात आशियाई कामगार आणि अरब मालक यांच्यात जी मोडकी कामचलाऊ अरबी घडली, तिच्यात माफी हा सगळ्या नकारांचा एकमेव शब्द झाला: अना माफी मा'लूम म्हणजे मला माहीत नाही, माफी रूह म्हणजे जात नाही, जाऊ नको, गेलो नाही, यांपैकी प्रसंगाला बसेल ते. क्रियापदाला काळ नाही आणि माणूसही नाही. दुकानात, साइटवर, टॅक्सीत ती उत्तम चालते आणि तिला हसण्याचं काही कारण नाही.

पण अरब माणसं आपसांत असं बोलत नाहीत. कुवेत आणि इराकमध्ये 'आहे-नाही' साठी स्थानिक जोडी अकू-माकू आहे. अमिरातीत आणि ओमानमध्ये शै-मा शै, म्हणजे तीच आपली 'गोष्ट' पुन्हा. दहा वर्षं माफीवर निभावलेल्या माणसाला शेजारच्या दोन कुवैतींचं बोलणं कळत नाही, याचं एक मोठं कारण हे आहे.

भविष्यकाळ सगळीकडे वेगळा का?

फुस्हात दोन मार्ग आहेत: क्रियापदाला चिकटलेला स, म्हणजे सअक्तुबु, किंवा सुटा सौफ़ा, म्हणजे सौफ़ा अक्तुबु. दोन्ही 'मी लिहीन'. रोजच्या बोलण्यात हे दोन्ही टिकले नाहीत.

बहुतेक बोलींनी जागा भरली ती 'जाणे' या क्रियेने. राइह म्हणजे 'जाणारा, निघालेला'. 'लिहायला निघालोय' वरून 'लिहिणार आहे' व्हायला वेळ लागत नाही. दमास्कस आणि बगदादमध्ये राइह चं रह झालं. कैरोत ते आणखी झिजून नुसतं ह राहिलं आणि क्रियापदाला चिकटलं: हक्तिब, मी लिहीन. मोरोक्कोत वेगळा 'जाणारा' कामाला आला, ग़ादी, पण युक्ती तीच: ग़ादी नक्तब. घाईत त्याचाही ग़ा होतो. माल्टा बेटावरची माल्टीज ही मुळात अरबी बोलीच, फक्त रोमन लिपीत लिहिली जाते. तिथेही भविष्यदर्शक से हा 'जाणारा' वरूनच आला.

ट्युनिशियाने वेगळी वाट धरली: बाश निक्तिब. बाश चा अर्थ 'म्हणून, यासाठी की', आणि त्याच्या पोटातही शै' आहे. ('निक्तिब' मधला नि पाहून 'आम्ही' समजू नका. ट्युनिसपासून कासाब्लांकापर्यंत 'मी'ला न लागतो. 'आम्ही'साठी शेवटी ऊ जोडतात: निक्तबू.)

बरूह म्हणजे 'जातो' की 'जाईन'?

माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि उत्तर बोलणाऱ्याच्या गावावर आहे.

इजिप्त आणि शाम, म्हणजे सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, जॉर्डन, या पट्ट्यात क्रियापदाआधीचा ब वर्तमान दाखवतो. कैरोत बक्तिब म्हणजे मी लिहितो किंवा लिहितोय. आखातात मात्र तोच ब भविष्य दाखवतो. अमिराती माणूस बरूह म्हणाला तर तो जाणार आहे, अजून गेलेला नाही. बहुतेकांच्या मते हा ब वेगळ्याच घराण्यातला आहे: 'हवं असणे' या अर्थाच्या बग़ा, यब्ग़ा या क्रियापदाचा झिजलेला अंश. कुवेतमध्ये अबी म्हणजे 'मला हवंय' अजूनही रोज ऐकू येतं. 'लिहायचंय' पासून 'लिहीन' पर्यंतची वाट मराठीलाही परकी नाही. 'मला उद्या जायचंय' मध्ये इच्छा किती आणि भविष्य किती, हे आपल्यालाही नेहमी वेगळं करता येत नाही.

आता एकाच हापिसात सीरियन हिशेबनीस आणि अमिराती अधिकारी बसलेले असतात तेव्हा काय होतं ते पाहा. माझ्या एका विद्यार्थ्याने सीरियन सहकाऱ्याकडून अरबी उचलली. अधिकाऱ्याने एका बिलाबद्दल 'बदफ़ा'' म्हटलं. दफ़ा' म्हणजे पैसे भरणे. विद्यार्थ्याने ते सीरियन कानाने ऐकलं, 'मी भरतो' म्हणजे हे काम नेहमीचं आणि चालूच आहे असं समजला, आणि बिल निकालात काढलं. अधिकारी म्हणत होता 'भरीन'. पुढे आठवडाभर ते बिल कुणीच भरलं नाही.

हे ओळखायचं कसं? एकट्या ब वर कधीच भरवसा ठेवू नका, त्या माणसाची बाकीची क्रियापदं ऐका. 'मी रोज कामाला जातो' अशा वाक्यात तो ब लावत असेल तर ब वर्तमानाचा. अशा वाक्यात क्रियापद उघडं असेल आणि ब फक्त उद्याच्या गोष्टीला येत असेल तर भविष्याचा. तेवढा वेळ नसेल तर 'आत्ता'साठी तो कोणता शब्द वापरतो ते पकडा. अल-हीन म्हणणारा आखाती, हल्लअ म्हणणारा शामचा, दिल्वअती म्हणणारा इजिप्शियन.

एक अपवाद आहे आणि तो गोड आहे. शाममध्ये ब लावून भविष्याची कबुली देता येते: बशूफ़क बुक्रा. शब्दशः 'उद्या तुला पाहतो', म्हणजे आपलं 'उद्या भेटतो'. आपणही निरोप घेताना 'भेटेन' क्वचितच म्हणतो.

'मी उद्या लिहिणार नाही' हे एक वाक्य सगळ्या शहरांत फिरवून दाखवाल का?

या एका वाक्यात नकार आणि भविष्य एकमेकांना भिडतात, म्हणून ते चांगलं परीक्षेचं वाक्य आहे.

फुस्हा: लन अक्तुबा ग़दन. भविष्याचं चिन्ह वेगळं नाहीच, लन मध्ये दोन्ही आलं. स आणि लन एकत्र येत नाहीत. वर्तमानपत्रांत सौफ़ा ला अशी जोडी दिसते, पण जुन्या वळणाचे व्याकरणकार तिच्यावर नाक मुरडतात.

कैरो: मिश हक्तिब बुक्रा. भूत आणि वर्तमानाला मा-श, भविष्याला मिश. 'मा-हक्तिबश' असं जोडून बोलणारा विद्यार्थी दर तुकडीत एक तरी असतो. नियम त्याने नीट लावला, पण कैरोत तसं म्हणत नाहीत. भविष्याचा ह मुळात 'जाणारा' होता, म्हणजे विशेषण, म्हणून त्याला विशेषणाचा नकार लागतो, एवढं लक्षात ठेवलं की चूक थांबते.

दमास्कस: मा रह इक्तोब बुक्रा. बगदाद: मा रह अक्तिब बाचर. 'उद्या'चा शब्द बदलला, सांगाडा तोच.

दुबई: मा बक्तिब बाचर. आता यातला 'उद्या' काढून टाका. उरलेलं मा बक्तिब अमिराती तोंडात 'लिहिणार नाही' आहे. दमास्कसमध्ये अगदी जवळचं मा बक्तोब हे 'मी लिहीत नाही'. एका स्वराच्या फरकाने काळ बदलला.

ट्युनिस: मिश बाश निक्तिब ग़ुद्वा. कैरोसारखाच भविष्याला वेगळा नकार.

कासाब्लांका: मा ग़ादीश नक्तब ग़द्दा. इथे कुंपण पूर्ण आहे, पण ते मुख्य क्रियापदाला पडलेलं नाही, ग़ादी ला पडलं आहे. 'जाणारा' शब्द इथे क्रियापदासारखा वागतो, कैरोत विशेषणासारखा वागला. एकाच मुळातून निघालेल्या दोन बोलींनी एकाच प्रश्नाला उलटी उत्तरं दिली.

प्रश्नशब्द इतके का बदलले? फुस्हाचा माधा कुठे गेला?

फुस्हाची यादी अशी: मा किंवा माधा म्हणजे काय, मन म्हणजे कोण, ऐना म्हणजे कुठे, मता म्हणजे केव्हा, कैफ़ा म्हणजे कसा, लिमाधा म्हणजे का, कम म्हणजे किती. यातले काही ओळखू येण्याइतके उरले. मन चं मीन झालं, ऐना चं वेन (आणि 'फी' जोडून कैरोत फ़ेन), मता चं कैरोत इम्ता. कैफ़ा शाममध्ये कीफ़ म्हणून आहे.

माधा मात्र बोलीतून जवळपास नाहीसा झाला. त्याच्या जागी 'कोणती गोष्ट' म्हणजे ऐयु शै' आला आणि त्याचं एश किंवा आश झालं. म्हणजे आपला जुना शै' पुन्हा हजर. नकारात तो शेपटीला आहे, प्रश्नात डोक्याला.

हा एश एकदा ओळखला की निम्मे प्रश्नशब्द पाठ करायची गरज उरत नाही, ते फोडून वाचता येतात. लेश म्हणजे ल + एश, 'कशाला?' मराठीतही 'का'च्या जागी 'कशाला' चालतंच. मोरोक्कोचा 'लाश म्हणजे 'कशावर', अर्थ पुन्हा 'का'. ट्युनिसचा वक़्ताश म्हणजे 'कोणत्या वक्ताला', केव्हा. (आपल्या 'वक्तशीर' मधला वक्त तोच.) इराकने उलट क्रम लावला: श + वकित, श्वकित, केव्हा. 'किती'साठी 'माप' अर्थाचा क़द्द हा शब्द जोडला: ट्युनिसमध्ये क़द्दाश, दमास्कसमध्ये क़ गिळून अद्देश, बगदादमध्ये पुढून श्गद. उत्तर आफ्रिकेत 'कोण' हा श्कून, म्हणजे 'काय असतो'.

माझा आवडता शब्द श्लोन. इराक, कुवेत, बहरीनमध्ये तो 'कसा' या अर्थी येतो आणि त्याची फोड आहे श + लौन, 'कोणता रंग'. श्लोनक म्हणजे 'कसा आहेस', शब्दशः 'तुझा रंग काय'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खरोखर शर्टाकडे पाहिलं होतं.

इजिप्तचे शब्द याच्यापासून थोडे लांब आहेत: एह म्हणजे काय, लेह म्हणजे का, इज़्ज़ाय म्हणजे कसा. ते कानाने वेगळे पाठ करावे लागतात. इराक आणि कुवेतमध्ये 'काय'साठी शिनू, शामसह अमिरातीत शू, सौदी अरबस्तानच्या नज्दमध्ये विश, मोरोक्कोत श्नू. इराकी माणूस नुसता श क्रियापदालाच चिकटवतो: श्त्रीद? म्हणजे तुला काय हवंय? एका श्वासात प्रश्न संपतो आणि प्रश्नशब्द शोधणारा अजून शोधतच असतो.

एक गंमत सांगायची तर अल्जीरियात वाश म्हणजे 'काय', आणि शेजारच्या मोरोक्कोत वाश म्हणजे हो-नाहीच्या प्रश्नाचं चिन्ह, मराठी '-का'चं काम करणारा शब्द.

प्रश्नशब्द वाक्यात कुठे ठेवायचा?

फुस्हात आणि बहुतेक बोलींत तो पुढे: माधा तक्तुबु? शू 'अम तिक्तोब? कैरोत मात्र तो ज्या जागी उत्तर येणार त्याच जागी बसतो: बितिक्तिब एह? शब्दशः 'लिहितोयस काय?' इस्मक एह? म्हणजे 'तुझं नाव काय?' राइह फ़ेन? 'चाललास कुठे?' या वळणामागे इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक भाषेचा हात असावा असं काही अभ्यासक मानतात, सगळे नाही.

मराठी माणसाला कैरोची ही सवय शिकवावी लागत नाही, कारण आपणही 'तू काय लिहितोस' म्हणतो, प्रश्नशब्द पळवून पुढे नेत नाही. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं उगीच एह पुढे आणतात. कर्ता विचारायचा असेल तर मात्र कैरोतही मीन पुढेच येतो: मीन गिह? कोण आलं?

हो-नाही प्रश्न?

फुस्हात हल किंवा अ पुढे लावायचा. बोलींत बहुधा सूरच वर जातो, शब्द लागत नाही. मोरोक्कोचा वाश वर आलाच आहे.

लम, लन आणि माधा वापरून बोललो तर लोकांना कळेल का?

कळेल. शाळेत गेलेल्या प्रत्येकाला कळतं. फक्त बातमीदार भाजीवाल्याशी बोलतोय असं वाटतं. समोरचा उत्तर देतो ते मात्र बोलीत, आणि अडचण तिथून सुरू होते. म्हणून फुस्हा आलेल्यांना मी बोलायच्या आधी ऐकायला लावतो.

फोनवर आलेला एखादा निरोप ऐकून माणूस कुठला हे सांगता येईल का?

दोन निरोप घ्या. पहिला: मा-'अन्दीश वअत इन्नहारदा, हकल्लिमक बुक्रा, इन्ता फ़ेन? दुसरा: मा 'इन्दी वगत अल-योम, बकल्लमक बाचर, इन्ता वेन? दोन्हींचा अर्थ एकच: 'आज वेळ नाही, उद्या तुला फोन करतो, तू कुठे आहेस?'

पहिल्यात श आहे, म्हणजे माणूस इराकचा किंवा आखाताचा नाही. ह ने भविष्य आहे, म्हणजे मोरोक्को आणि ट्युनिस गळाले. ह दमास्कसमध्येही कधी ऐकू येतो, पण तिथे श नाही आणि 'कुठे' वेन असता. फ़ेन मोरोक्कोतही फ़ीन म्हणून आहे, पण तो ह बरोबर येणार नाही. उरला इजिप्त, आणि इन्नहारदा, म्हणजे 'आज', त्यावर शिक्का मारतो.

दुसऱ्यात मा एकटा आहे. वगत मधला ग आणि बाचर मधला च इराक आणि आखाताकडे बोट दाखवतात. इराक असता तर रह अकल्लमक ऐकू आलं असतं. इथे ब आहे आणि 'उद्या' बरोबर आहे, म्हणून भविष्याचा ब, म्हणजे आखात. कुवेत, बहरीन की अमिराती, हे एवढ्यावरून सांगायला मी धजावणार नाही. त्याला 'नाहीये' म्हणायला लावा: माकू म्हणाला तर उत्तरेकडचा, मा शै म्हणाला तर दक्षिणेकडचा.